एक घर डावीकडे

गेल्या आठवड्यात टीममधल्या एका नव्या मुलाचा कोड तपासत होते. नेटका कोड होता, नावं ठेवायला जागा नव्हती. फक्त एका यादीतल्या शेवटच्या ओळीपुढे कॉमा नव्हता. पायथॉनमध्ये यादीच्या शेवटच्या नावापुढे कॉमा दिला काय, न दिला काय, प्रोग्राम सारखाच चालतो. तरी मी लिहिलं, "शेवटच्या ओळीलाही कॉमा दे." दोन मिनिटांत त्याचं उत्तर आलं, "का पण? चालतंय की तसंही." मी तीन-चार ओळी टाइप केल्या, खोडल्या, आणि "सवय चांगली असते" एवढंच लिहून मोकळी झाले. त्यानं बिचाऱ्यानं निमूटपणे कॉमा दिला आणि विषय संपला. माझ्या डोक्यात मात्र तो दिवसभर कुरतडत राहिला. सवय चांगली असते, हे मोठ्यांनी लहानांना द्यायचं लबाड उत्तर आहे. मला लहानपणी असं कुणी सांगितलं की राग यायचा. खरं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते अख्ख्या एका रात्रीएवढं लांब होतं, आणि त्यात मी फारशी शहाणी दिसत नव्हते.

नोकरीला लागून तेव्हा मला आठ महिने झाले होते. आठ महिने हा फार फसवा काळ असतो. सगळ्या फोल्डरांची नावं पाठ झालेली असतात, कुठला सर्व्हर कधी रुसतो ते कळायला लागलेलं असतं, आणि आपल्याला येतं असं वाटायला लागलेलं असतं. माझ्याकडे एका रिपोर्टचं काम होतं. दिवसभरातल्या ऑर्डरींमधून नको त्या गाळायच्या आणि उरलेल्यांची फाइल रोज सकाळी सात वाजता ग्राहक कंपनीकडे जायची. नको त्या म्हणजे कच्च्या, रद्द झालेल्या आणि मुदत संपलेल्या. त्या दिवशी ग्राहकानं आणखी एक प्रकार वाढवायला सांगितला. रोखून धरलेल्या ऑर्डरीही उद्यापासून नकोत. म्हणजे यादीत एक नाव वाढवायचं. काम इतकं किरकोळ की ते करताना मी कुणाशी तरी बोलत होते. बदल केला, टीममधल्या सीनियरनं तो बघून मंजूर केला, संध्याकाळी तो सर्व्हरवर गेला. चाचण्या हिरव्या होत्या. घरी निघण्याआधी, खरं तर स्वतःचीच पाठ थोपटून घ्यायला, मी एकदा हातानं रिपोर्ट चालवून बघितला.

१३२५ ओळी आल्या.

(या लेखातल्या आकड्यांमध्ये हजारानंतरचा कॉमा मी देत नाहीये. समजून घ्या.)

डेटाबेसमध्ये तीच अट हातानं लिहून मोजलं तर १२६५ येत होत्या. म्हणजे रिपोर्टमध्ये ६० ऑर्डरी जास्त होत्या. गाळणी आणखी बारीक केली आणि कपातला गाळ वाढला, असा प्रकार. तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. सीनियरला फोन करता आला असता. बदल मागे घेऊन जुना कोडही चालू करता आला असता, पण मग सकाळच्या फाइलमध्ये रोखलेल्या ऑर्डरी गेल्या असत्या आणि 'एक नाव वाढवायला जमलं नाही' असं कळवावं लागलं असतं. मी स्वतःला म्हटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. त्या अर्ध्या तासाच्या भरवशावर मी आधी साडेदहा वाजवले, मग बारा.

ज्यांनी कधी कोडमधली चूक शोधलेली नाही त्यांना वाटतं, चूक म्हणजे लाल अक्षरात काहीतरी येत असेल. तशी चूक परवडली. ती निदान ओरडते तरी. ही गप्प होती. प्रोग्राम सुरू व्हायचा, संपायचा, फाइल तयार करायचा, कुठे हूं की चूं नाही. फक्त उत्तर चुकीचं. अशा वेळी माणूस आधी त्याच्या ओळखीच्या चोरांकडे जातो. माझा पहिला संशय दोन तक्ते जोडण्यावर होता. जोडणी चुकली की एकच ऑर्डर दोनदा येते, हे मी आधी एकदा अनुभवलं होतं. सगळे ऑर्डर क्रमांक काढून त्यातले वेगळे किती ते मोजलं. १३२५ च्या १३२५ वेगळे. मग वाटलं, सर्व्हरवर जुनाच कोड चालत असेल. पायथॉनच्या साठवलेल्या फायली पुसल्या, सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा १३२५. तो आकडा मला एव्हाना कुणाच्या तरी चेहऱ्यासारखा ओळखीचा झाला होता.

आमच्या मजल्यावरचे दिवे हालचालीवर चालायचे. कुणी हललं नाही की दहा मिनिटांनी विझायचे. दिवसा ते कधी कळलंच नव्हतं. त्या रात्री मी पडद्याकडे टक लावून बसले की अचानक अंधार व्हायचा, आणि मग खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही हात वर करून हलवावे लागायचे, बुडणारा माणूस हलवतो तसे. एसीची घरघर तेवढी सोबतीला. बाराच्या सुमारास सिक्युरिटीचे काका फेरीवर आले, मला तसं हात हलवताना बघून दारातच थांबले आणि म्हणाले, "काय झालं, बेटा?" काही नाही काका, म्हटलं. ते थोडा वेळ उभे राहिले आणि जाताना दाराजवळचा एक दिवा बटणावर चालू करून गेले. तो बटणावर चालतो हे आठ महिन्यांत मला माहीत नव्हतं.

खरा घात झाला तो साडेबाराला. मला सुचलं, वेळेचा घोळ असणार. डेटाबेस यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ ठेवतो, ग्राहकाचा दिवस स्थानिक वेळेनं सुरू होतो. या दोन मध्यरात्रींच्या मध्ये पडणाऱ्या ऑर्डरी इकडच्या दिवसात धरायच्या की तिकडच्या, हा प्रत्येक रिपोर्टचा जुना आजार आहे. मी त्या फटीतल्या ऑर्डरी मोजल्या. ५७ निघाल्या. मला ६० हव्या होत्या. ५७ आणि ६० यांत फरक तो कितीसा! मधल्या वेळात तीन वाढल्या असतील, असं मी मनाला पटवलं. म्हणजे मागच्या तारखेच्या बंद दिवसात रात्री बारानंतर नवीन ऑर्डरी कुठून येतील, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. पुढचे दोन तास मी वेळेचं गणित नव्यानं लिहिलं. सुंदर लिहिलं. चालवलं. १३१९ आलं. काही ऑर्डरी खिडकीतून बाहेर गेल्या होत्या, काही नव्या आत आल्या होत्या, आणि मूळ चूक होती तिथेच बसून माझ्याकडे बघत होती. खऱ्याच्या जवळही न जाणारं उत्तर पचवता येतं. ५७ सारखं जवळजवळ बरोबर आलेलं उत्तर फार वाईट. त्यानं माझे दोन तास खाल्ले, आणि त्याहून वाईट म्हणजे मला वाटायला लागलं की आपण हुशार आहोत, थोडंच राहिलंय.

आता मागे वळून बघताना जी गोष्ट सगळ्यात लागते ती वेगळीच आहे. प्रोग्राम सुरू होताना लॉगमध्ये एक ओळ लिहायचा, कोणते प्रकार गाळतोय ते. ती ओळ मी रात्रभरात निदान वीस वेळा वाचली असेल.

```
skipping: draft, cancelled, expired,on_hold
```

चारही नावं आहेत. मी प्रत्येक वेळी बोट ठेवल्यासारखी वाचत होते: ड्राफ्ट, कॅन्सल्ड, एक्स्पायर्ड, ऑन होल्ड. आहेत, सगळी आहेत, यादी बरोबर आहे, चूक दुसरीकडे आहे. शेवटच्या दोन नावांच्या मध्ये कॉमानंतरची मोकळी जागा नाही, हे डोळ्यांना दिसत होतं पण माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. शाळेत मोठ्यानं वाचताना स्वल्पविरामाला एक मोजायचं आणि पूर्णविरामाला दोन, असं शिकवलेलं. म्हणजे स्वल्पविराम हा थांबायचा निरोप. तो निरोप वाचून आपण थांबतो, त्या खुणेकडे बघत कोण बसतं? डोळा ती ओलांडून पुढे जातो, दाराचा उंबरा ओलांडावा तसा. आणि यादीची ती ओळ तर मी स्वतःच्या हातानं लिहिली होती. दुसऱ्याचं लिखाण आपण वाचतो. स्वतःचं लिखाण वाचताना मात्र आपल्याला काय लिहायचं होतं तेच आठवत जातं.

साडेतीनला मी हरले. हरल्यावर माणूस साध्या गोष्टी करतो. वेळेचं ते सुंदर गणित पुसून टाकलं आणि माझ्या बदलाच्या आधीचा कोड काढून त्याच दिवसाच्या ऑर्डरींवर चालवला. हे साडेनऊलाच करायला हवं होतं. पण आपल्या एका ओळीच्या बदलात चूक असेल असं मानायचीच माझी तयारी नव्हती, मग त्याच्या आधीचं कोण बघणार? जुन्या कोडनं १२८४ ओळी दिल्या. मी कागद ओढला. जुन्या कोडमध्ये रोखलेल्या ऑर्डरी गाळल्या जात नव्हत्या आणि त्या होत्या १९. म्हणजे बदलानंतर १२८४ मधून १९ वजा होऊन १२६५ यायला हवेत. ते माझ्या हाताच्या मोजणीशी जुळत होतं. पण १३२५ येत होते. १२८४ ते १३२५ म्हणजे ४१ वाढले. अकरा वाजता डेटाबेसमधून काढलेली, प्रत्येक प्रकारात किती ऑर्डरी आहेत ती मोजणी त्याच कागदाच्या वरच्या कोपऱ्यात होती, माझ्याच अक्षरात: मुदत संपलेल्या, ४१.

रात्रभर मी ६० या एका आकड्याच्या मागे होते. तो एक आकडा नव्हताच. ४१ आणि १९ हातात हात घालून उभे होते. नवीन नाव गाळलं जात नव्हतं, हे १९. आणि आजवर व्यवस्थित गाळलं जाणारं, मी ज्याला हातही लावला नव्हता असं मला वाटत होतं ते त्याच्या आधीचं नाव, तेही गाळणं बंद झालं होतं, हे ४१. एकाच वेळी शेजारचे दोघे गायब. मग मी यादीत चारऐवजी किती नावं आहेत ते प्रोग्रामलाच विचारलं.

```python
>>> len(SKIP_STATUSES)
3
>>> SKIP_STATUSES
['draft', 'cancelled', 'expired,on_hold']
```

पाच वाजायला दहा मिनिटं होती. मी कोड उघडला. तो असा होता:

```python
SKIP_STATUSES = [
    "draft",
    "cancelled",
    "expired,"
    "on_hold"
]
```

बघा. मीही अशीच बघत बसले होते, आणि तीन आहेत हे कळल्यावरसुद्धा मला चूक दिसायला काही क्षण लागले. कॉमा गेलेला नव्हता. कॉमा होता, जिथे असावा त्याच ओळीत, त्याच शब्दानंतर. फक्त अवतरणचिन्हाच्या बाहेर बसायचा तो आत बसला होता, एक घर डावीकडे. बरोबर ओळीत दहा अक्षरं, चुकीच्या ओळीतही दहाच. शेवटच्या दोन खुणांनी नुसती जागा बदललेली. झालं होतं असं की जुन्या यादीत `"expired"` हे शेवटचं नाव, त्याच्यापुढे कॉमा नव्हता. नवीन नाव जोडायचं म्हणजे आधी त्या ओळीला कॉमा द्यायला हवा. मी बोलता बोलता कर्सर तिथे नेला, तो अवतरणाच्या अलीकडे थांबला, मी कॉमा दाबला आणि पुढच्या ओळीवर गेले. एवढंच.

पण मग प्रोग्राम ओरडला का नाही? इथे पायथॉनचा एक जुना स्वभाव आडवा येतो. दोन अवतरणातले मजकूर मध्ये काहीही न ठेवता शेजारी लिहिले, तर तो ती चूक धरत नाही, त्यांना चिकटवून एक करतो. ही सोय सी भाषेकडून आलेली आहे. लांबलचक वाक्य दोन-तीन ओळींत मोडून लिहिता यावं म्हणून ती ठेवलेली. आणि कंसाच्या आत ओळ बदलली तरी पायथॉन तिकडे लक्ष देत नाही. त्यामुळे माझ्या दोन ओळी त्याच्या दृष्टीनं शेजारी शेजारी ठेवलेले दोन तुकडे होते. त्यानं इमानदारीनं ते जोडले आणि `expired,on_hold` नावाचा, जगात कुठल्याच ऑर्डरीला नसलेला एक नवा प्रकार तयार केला. त्या नावाची एकही ऑर्डर कधी येणार नव्हती, म्हणून ती कधी गाळलीही जाणार नव्हती. लॉग लिहिताना तीच यादी कॉमा आणि मोकळी जागा घालून जोडली जायची, त्यात आतला चुकार कॉमा तिसरा भिडू म्हणून बेमालूम उभा राहिला. त्याच्याकडे फक्त मोकळी जागा नव्हती. चाचणी हिरवी आली, कारण ती फक्त कच्च्या ऑर्डरी गाळल्या जातात का एवढंच बघायची. आणि कोडमधल्या खोडी काढणारं पायलिंट आमच्याकडे रोज चालायचं, त्याला असे चिकटलेले मजकूर ओळखताही येतात. पण ते वेगवेगळ्या ओळींवर असतील तर ते मुद्दाम केलेलं असेल असं धरून ते गप्प राहतं. ओळी ओलांडून बघ, असं त्याला सेटिंगमध्ये वेगळं सांगावं लागतं. आम्ही सांगितलेलं नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी वाचण्यात आलं की पायथॉनचा कर्ता गुइडो व्हॅन रॉसम यालाही असाच एक कॉमा नडला होता. एका फंक्शनला दोन मजकूर द्यायचे होते, मधला कॉमा राहिला, दोघांचं एक झालं. ती चूक त्याला सापडायला काही मिनिटं लागली आणि तो इतका वैतागला की २०१३ च्या मे महिन्यात त्यानं ही चिकटवायची सोय हळूहळू भाषेतून काढून टाकावी का, असा विषय काढला. मजकूर जोडायला अधिकचं चिन्ह आहेच की, असं त्याचं म्हणणं. सोय राहिली, कारण ती वापरणारे भरपूर होते. हे वाचून मला खूप बरं वाटलं, आणि लगेच थोडं वाईटही. त्याला काही मिनिटं लागली होती. मला साडेसात तास.

दुरुस्तीला किती वेळ लागला म्हणाल तर खोडायची एक कळ, उजवीकडे सरकायची एक कळ, आणि कॉमा. १२६५ आले. मला वाटलं होतं मी ओरडेन, निदान हसेन तरी. तसं काहीच झालं नाही. उलट एक विचित्र रितेपणा आला, आणि त्या कॉमाचा नव्हे, त्या ४१ चा राग आला, ज्याला मी अकराला स्वतः लिहून ठेवलं होतं. बदलाबरोबर एक ओळ लिहावी लागते, काय केलं ते सांगणारी. मी आधी लिहिलं, 'चुकीच्या जागी पडलेला कॉमा हलवला.' मग ते खोडलं आणि लिहिलं, 'गाळणीच्या यादीत सुधारणा.' किती भारदस्त! जणू रात्रभर मी काहीतरी घडवत होते. खिडकीबाहेर उजाडायला लागलं होतं. काकांनी लावलेला तो दाराजवळचा दिवा मी जाऊन बंद केला.

सात वाजता फाइल गेली. नऊला सीनियर आला, माझा अवतार बघून खुर्ची ओढून बसला. मी त्याला सगळं सांगितलं, वेळेचं गणित सोडून. तो काही बोलला नाही. त्यानं माझ्याच मशीनवर आदल्या दिवशीचा बदल उघडला, जो त्यानं मंजूर केला होता, आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मी पण बघितला होता की गं हा." त्याचा आवाज मला समजूत घालणारा वाटला नाही. तो खरंच शोधत होता, आपण तेव्हा काय बघितलं ते. तिथे तीनच ओळी होत्या, वजा चिन्हाची जुनी आणि अधिक चिन्हाच्या नव्या:

```diff
-    "expired"
+    "expired,"
+    "on_hold"
```

म्हणजे दोन ओळी बदललेल्या. एकीत नवीन नाव, आणि आधीच्या ओळीत कॉमा वाढलेला, जो तिथे वाढणारच होता. तपासणाऱ्याचा डोळा तिथे कॉमा वाढलाय का एवढंच बघतो, आणि तो वाढला होता. जुन्या यादीच्या शेवटी आधीपासूनच कॉमा असता तर मला त्या ओळीला हात लावायची वेळच आली नसती. एकच नवीन ओळ दिसली असती.

'चालतंय की तसंही' ला माझं उत्तर हे होतं.

काल शेवटी राहवलं नाही. ती कंपनी सोडून मला बरीच वर्षं झाली आहेत, पण त्या तीन ओळी मला पाठ आहेत. त्या जशाच्या तशा टाइप करून त्या मुलाला पाठवल्या आणि खाली लिहिलं, "तू परवा 'का पण' विचारलं होतंस ना, ते यासाठी. यात काय बिघडलंय बघ." तो ऑनलाइन होता. टाइप करतोय असं दिसायचं, थांबायचं, पुन्हा दिसायचं. चार-पाच मिनिटांनी त्याचं उत्तर आलं.

"सगळं बरोबर आहे की. तुम्ही सांगितलंत तसं फक्त शेवटी, ऑन होल्डच्या पुढे कॉमा राहिलाय."